फाटकावरचा फळा

माझं अक्षर चांगलं होतं. धुळ्याच्या बर्फ कारखान्यात मला नोकरी लागली ती या अक्षरावरच. मॅट्रिकला मार्क बेताचे होते, इंग्रजी तर सांगण्यासारखं नव्हतंच, पण शेठजींनी माझा अर्ज उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "अक्षर लांबून वाचता येतं." बर्फाच्या कारखान्याला लांबून वाचता येणाऱ्या अक्षराची काय गरज, हे मला पहिल्या दिवशी कळलं. फाटकाला एक काळा फळा होता. त्यावर रोज सकाळी खडूने लादीचा दर लिहायचा. संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसायचा. पुढे मी मॅनेजर झालो, खुर्ची मिळाली, पंखा मिळाला, पण फळा लिहिण्याचं काम मी कुणाला दिलं नाही. मला त्यात मोठेपणा वाटायचा. माणूस कशात मोठेपणा मानील याचा काही नेम नाही.

शेठजी जळगावला राहायचे. तिथे त्यांचा असाच आणखी एक कारखाना होता आणि एक तेलाची गिरणी. दर गुरुवारी ते धुळ्याला यायचे, माझ्या समोर बसून साखर न घातलेला चहा प्यायचे आणि हलक्या आवाजात विचारायचे, "काय म्हणतोय बर्फ?" मग मी आकडे सांगायचो. किती लाद्या गेल्या, किती उरल्या, किती वितळल्या. त्यांनी विचारायचं आणि मी सांगायचं, असं आमचं नातं होतं. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. माझी आई आजारी पडली तेव्हा ते स्वतः दवाखान्यात आले होते, मोसंबी घेऊन. हे सगळं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे ते कुणाला नाटकातल्या खलनायकासारखे दिसायला नकोत. तसे ते असते तर माझं काम सोपं झालं असतं.

धुळ्यात तेव्हा बर्फाचा कारखाना एकच, आमचा. रसवंतीवाले, लस्सीवाले, सरबताच्या गाड्या, लग्नाचे मांडव, दूधवाले, दवाखाने, सगळे आमच्याच फाटकावर. चैत्र-वैशाखात सकाळी हातगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची. लादीचा दर सात रुपये. उन्हाच्या त्या दिवसांत आम्ही दहा लिहिले असते तरी एक गाडी रिकामी परत गेली नसती. मी एकदा नवखेपणाने शेठजींना तसं सुचवलंही. ते म्हणाले, "दर असा लावायचा, की आपल्याला पुरे आणि दुसऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायला नको."

मला वाटलं, किती सज्जन माणूस! गिऱ्हाइकाला लुबाडत नाही. वाक्याच्या दुसऱ्या भागाकडे माझं लक्षच गेलं नाही.

ते गेलं साक्रीचे एक व्यापारी आले तेव्हा. त्यांना धुळ्यात बर्फाचा कारखाना काढायचा होता आणि ते मोकळेपणाने आमच्याच शेठजींना सल्ला विचारायला आले होते. मला वाटलं, आता यांना वाटेला लावतील. शेठजींनी त्यांना चहा दिला आणि सगळा कारखाना हिंडून दाखवला. अमोनियाचा वास, कॉम्प्रेसरची धडधड, मिठाच्या गार पाण्याची टाकी, त्यात बुडवलेले पत्र्याचे डबे, साखळीने वर काढलेली लादी. मग मागच्या बाजूची दुसरी टाकी दाखवली. ती अर्धी रिकामीच असायची. व्यापाऱ्यांनी विचारलं, "ही चालवत नाही?"

"गरज पडली की दोन दिवसांत चालू होते," शेठजी म्हणाले. "गावात बर्फ कमी पडू नये म्हणून बांधून ठेवली आहे."

व्यापारी आठ दिवसांनी भेटायला आले. त्यांनी सगळा हिशेब मांडला होता. नवी यंत्रं, बँकेचा हप्ता, वीज, मजुरी, सगळं धरून लादी साडेसातला पडत होती. आमचा दर सात. आणि ते उतरलेच मैदानात, तर मागची टाकी त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. हात जोडून ते साक्रीला परत गेले. त्यांचं काही चुकलं नव्हतं, कुणी त्यांना अडवलंही नव्हतं. सात रुपये दर लावणं हा कुठल्या कायद्याने गुन्हा होईल? उलट गावाला बर्फ स्वस्त. फक्त गावाला कारखाना एकच राहिला, आणि पुढेही एकच राहणार होता. तेव्हा कुठे मला तोंडाच्या पाण्याचा अर्थ कळला. शेठजींच्या हुशारीचं मला कौतुक वाटलं, हेही कबूल करतो.

आता मिस्त्रींबद्दल. आमची यंत्रं सांभाळणारे मिस्त्री साक्रीकडच्या एका खेड्यातले, बोलणं अहिराणी. शाळा चौथीपर्यंत, पण कॉम्प्रेसरला कान लावून आत काय बिघडलंय ते सांगायचे. मला ते नाना म्हणायचे, मी त्यांना भाऊ. बारा वर्षं आम्ही रोज दुपारी एकाच कट्ट्यावर बसून भाकरी खाल्ली. त्यांच्या घरची लसणाची चटणी माझ्या डब्यात आणि माझ्या घरचं लोणचं त्यांच्या. यंत्राशी बोलणारा हा माणूस आकड्यांपुढे मात्र लहान मुलासारखा व्हायचा. पगाराची पावती माझ्याकडून वाचून घ्यायचा.

एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते आमच्या घरी आले. आमरसाचं जेवण झालं, आमच्या लेकी माहेरी आल्या होत्या, अंगणात झोके चालले होते. मिस्त्रींनी खिशातून चुरगळलेला कागद काढला आणि माझ्या पुढे धरला.

"नाना, मी सोताना कारखाना काढस. बठ्ठं डोकामा शे, पन कागदवर येत नही. तू मांडी दे."

त्यांच्या डोक्यात सगळं तयार होतं. त्यांना मुंबईला एक जुना कॉम्प्रेसर स्वस्तात मिळत होता. बँक कर्ज द्यायला तयार होती, कारण ते कारागीर होते आणि बँकांना तेव्हा कारागिरांना कर्ज द्यायचा हुरूप आला होता. शेतातला त्यांचा वाटा भावाने विकत घेतला होता, मिस्त्रींच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, पाटल्या दिल्या होत्या. यंत्र बसवायला, दुरुस्त करायला बाहेरचा माणूस लागणार नव्हता. साक्रीच्या व्यापाऱ्यांना जे साडेसातला पडत होतं, ते यांना कितीला पडेल, एवढाच प्रश्न होता.

मी कागद घेतला आणि माझ्या त्या सुंदर अक्षरात मांडणी केली. हप्ता धरून लादी सव्वासहा रुपयांना पडत होती. सात रुपये दर असताना बारा आणे सुटत होते. मिस्त्रींचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. मग माझ्यातला मॅनेजर जागा झाला. मी म्हणालो, "भाऊ, पण दर उतरला तर? हातात पैसा किती राहतो?" त्यांनी सांगितलं. मी तेही मांडलं. दर खाली गेला तर एक उन्हाळा ते कसेबसे तग धरतील, दसऱ्यापर्यंत. त्यापुढे नाही. मी खाली ओळ लिहिली, 'दसऱ्यापर्यंत', आणि तिच्याखाली रेघ ओढली. रेघ ओढायची सवय.

"शेठ दर काबर उतारतीन?" मिस्त्री म्हणाले. "मी एक लादीवर तोटा खासू, तर त्या तीन लाद्यांवर खातीन. त्यास्नी इक्री जास्ती, त्यास्ना तोटा जास्ती. कितला दिन खातीन?"

हा माणूस चौथी शिकलेला होता, पण हे त्याने जे सांगितलं ते चुकीचं नव्हतं. ज्याची विक्री मोठी, त्याला दर पाडण्याची किंमतही मोठी मोजावी लागते. ते एकच गोष्ट विसरले होते, जळगाव. जळगावच्या कारखान्यासमोर कुणी नव्हतं. तिथे सात रुपये दर चालूच राहणार होता आणि धुळ्याचं भोक तिकडच्या पैशांनी बुजवता येणार होतं. मला हे त्या क्षणी सुचलं का? सुचलं. मी बोललो का? आमरस जड झाला होता, लेकी हसत होत्या, त्यांचा चेहरा उजळलेला होता. मी नाही बोललो.

मिस्त्रींनी दिवाळीनंतर नोकरी सोडली. पुढच्या गुरुवारी शेठजी आले. चहा आला. त्यांनी बर्फाबद्दल काही विचारलं नाही.

"मिस्त्री कारखाना काढतायत म्हणे. चांगला माणूस आहे. लादी कितीला पडेल त्यांना?"

"सव्वासहा," मी म्हणालो.

"आणि किती दिवस टिकतील?"

"दसऱ्यापर्यंत."

एवढंच. त्यांनी मला धमकावलं नाही, लालूच दाखवली नाही, शपथ घातली नाही. त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं, जसं दर गुरुवारी सांगायचो. शब्द तोंडातून गेल्यावर मी काय सांगितलं ते कळलं. पण परत घेता येईना. शेठजींनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं. दसऱ्यापर्यंत म्हणजे फार नाही." इतक्या वर्षांत मी स्वतःला अनेक सबबी सांगितल्या. नोकरी, लेकींच्या लग्नांचं कर्ज, आईचं आजारपण. पण खरी गोष्ट अशी की त्या वेळी मनात कुठलीच सबब नव्हती. नुसती सवय होती.

होळीनंतर धुळ्यातच मिस्त्रींचा कारखाना सुरू झाला. पूजेला मी गेलो होतो, पेढाही खाल्ला. त्यांनीही फाटकाला फळा लावला होता आणि मला हाताला धरून फळ्यापाशी नेलं. "पहिला दर तुना हाते, नाना." मी लिहिलं, साडेसहा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावहून ट्रंक कॉल आला आणि मी आमच्या फळ्यावर लिहिलं, पाच.

लिहिताना खडू मोडला. मी दुसरा घेतला.

मिस्त्रींनी दोन दिवस वाट पाहिली, मग तेही पाचवर आले. आम्ही चार केले. ते चारवर आले. त्यांचा हप्ता निघत नव्हता, पण वीज, मीठ आणि मजुरी निघत होती. मग आम्ही मागची टाकी चालू केली आणि मी लिहिलं, तीन. आमची स्वतःची वीज, मीठ, अमोनिया आणि मजुरी मिळून लादीला सव्वातीन रुपये पडायचे. हे फक्त मला आणि शेठजींना ठाऊक होतं. लादीमागे चार आणे पदरचे घालून आम्ही गावाला गार पाणी पाजत होतो. जळगावच्या फळ्यावर त्याच दिवशी सात लिहिलेलं होतं. तिथल्या मॅनेजरचं अक्षर वाईट होतं, पण सात तो सातच.

गावाची काय चंगळ झाली! गोळेवाल्यांनी गोळे मोठे केले, लस्सीत बर्फ जास्त पडायला लागला, लग्नांत पाण्याच्या पिंपात लादीच्या लादी. शेठजींनी एस. टी. स्टँडजवळ वडिलांच्या नावाची पाणपोई उघडली, बर्फाच्या पाण्याची. लोक आमचं नाव घेऊन पाणी प्यायचे. ज्या लस्सीवाल्याने मिस्त्रींच्या पूजेला नारळ आणला होता, तोच आमच्या रांगेत उभा राहिला. मला पाहून म्हणाला, "नाना, भाऊ मना शे, पन पोट बी मनंच शे ना?" त्याला काय सांगणार? मीच फळा लिहीत होतो.

मिस्त्रींनी कारखाना बंद ठेवायला हवा होता. तीन रुपयांना लादी विकण्यापेक्षा न बनवलेली बरी. मी एकदा धीर करून त्यांना तसं म्हणालोही. त्यांनी मान हलवली. मिठाचं पाणी एकदा तापलं की पुन्हा गार करायला दोन दिवस जातात, आणि फाटक दोन दिवस बंद दिसलं की गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. यंत्र चालू ठेवणं हाच त्यांचा जन्मभराचा धर्म होता. बंद पडलेलं यंत्र त्यांना घरात मयत झाल्यासारखं वाटायचं. दिवसभर ते लाद्या काढत होते आणि भुशात झाकून ठेवत होते. विकल्या जायच्या तेवढ्या जायच्या, बाकीच्यांचं पाणी गटारात. त्यांच्या कारखान्याबाहेरचं ते गटार त्या वैशाखात गार वाहत होतं, आणि गल्लीतली कुत्री त्यात जाऊन बसायची.

दिल्लीत तेव्हा मक्तेदारीविरुद्ध नवा कायदा आला होता. मिस्त्रींना कुणीतरी ते सांगितलं. एका वकिलाने त्यांना तक्रार लिहून दिली. वकील भला माणूस होता, त्याने आधीच सांगितलं होतं, "दोघांनी मिळून दर पाडायचा ठराव केला असता तर त्याला हात घालणं सोपं होतं. एकट्याने दर उतरवला, तर त्याच्या मनात काय होतं ते दाखवावं लागेल. मन कोर्टात आणता येत नाही." तरी तक्रार गेली. पावसाळा सरता सरता चौकशीसाठी एक अधिकारी आले आणि विश्रामगृहात उतरले. आम्हा तिघांना बोलावणं आलं. शेठजी, मिस्त्री आणि मी.

अधिकारी तिशीचे असतील. चष्मा, घामाने भिजलेला शर्ट, प्रामाणिक. मी आजवर जितके सरकारी लोक पाहिले, त्यांत इतका मनापासून ऐकणारा दुसरा पाहिला नाही. म्हणूनच ती दुपार अजून माझ्या छातीवर बसलेली आहे.

त्यांनी शेठजींना विचारलं, "दर सातवरून तीनवर का आला?"

"समोर दुसरा कारखाना आला. गिऱ्हाईक जायला लागलं तर दर उतरवायचा नाही तर काय करायचं, साहेब? याला स्पर्धा म्हणतात ना?"

"पण तीन रुपयांत तुमचा तोटा होतो," आमच्या कारखान्याची वही उघडून ते म्हणाले.

"कसा काय? माझं यंत्र जुनं, त्याची किंमत कधीच वसूल झाली. मजूर कायमचे आहेत, बर्फ निघो न निघो त्यांना पगार द्यायचाच. मग लादीचा म्हणून खर्च काय राहिला? वीज आणि मीठ. ते दोन रुपयांतसुद्धा भागतं. आणि न विकलेल्या लादीचं काय होतं, साहेब? पाणी. पाण्यापेक्षा तीन रुपये बरे."

अधिकारी लिहीत होते आणि लिहिता लिहिता थांबत होते. मजुरी धरली तर तोटा, नाही धरली तर फायदा. यंत्राची झीज धरली तर आणखी तोटा, नाही धरली तर कौतुक. शेठजी एकही आकडा खोटा सांगत नव्हते. कुठला आकडा मोजायचा, एवढंच ते ठरवत होते.

"मग जळगावला सात कसे?"

"तिथली वस्ती वेगळी, मागणी वेगळी. दोन गावांत भाजी तरी एका भावाने मिळते का?"

गिऱ्हाइकांपैकी कुणी बोलायला आलं नव्हतं. स्वस्त बर्फ मिळाला म्हणून कोण तक्रार करणार? अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला आणि जरा थकून म्हणाले, "खऱ्या स्पर्धेतही दर उतरतो आणि गळा दाबायचा असला तरी दर उतरतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. उद्या हा कारखाना बंद पडला आणि यांनी दर नऊ केला, तर कदाचित कळेल. पण तेव्हा फार उशीर झालेला असेल. आणि उद्या काय करणार यावर आज मी काय लिहू?"

मग त्यांनी मिस्त्रींनी दिलेल्या कागदांतला एक कागद काढला. मी तो ओळखला. आमरसाचा एक पिवळा डाग होता त्यावर. मिस्त्रींनी आपला खर्च सिद्ध करायला तो जोडला होता. अधिकाऱ्यांनी तो आमच्या कारखान्याच्या वहीशेजारी ठेवला, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"हे अक्षर एकाच माणसाचं आहे."



"माझं आहे," मी म्हणालो.

"म्हणजे यांना लादी सव्वासहाला पडते आणि हे दसऱ्यापर्यंतच टिकू शकतात, हे तुम्हाला उन्हाळ्याआधीपासून माहीत होतं." त्यांचा आवाज बदलला होता. इतका वेळ चाचपडणाऱ्या माणसाच्या हाताला पहिल्यांदा काहीतरी घट्ट लागलं होतं. "हे तुमच्या मालकांना कळलं होतं का? दर ठरवताना याबद्दल काही बोलणं झालं?"

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत होते. मला आजही वाटतं, त्या वेळी मी 'हो' म्हणालो असतो. 'हो' ओठांपर्यंत आला होता. निदान मी तसं मानत आलो आहे. तेवढ्यात मिस्त्री उठून उभे राहिले.

"नही साहेब." त्यांना राग आला होता, आणि तो अधिकाऱ्यांवर आला होता. "नाना तसा मानूस नही. बारा वरीस मनासंगे एक कट्टावर जेवना. मन्ही खातरीनं त्यानी मांडी दिनं. त्यावर संशय घेशात तर मी तक्रार मांगे लेस."

अधिकारी मिस्त्रींकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. "मी यांना विचारतोय," ते हळूच म्हणाले.

माझ्यावर एवढा विश्वास टाकून एक माणूस समोर उभा होता आणि त्याच्या बाजूने बोलायचं म्हणजे तो विश्वास त्याच्याच तोंडावर फेकायचा. मी म्हणालो, "गिऱ्हाईक टिकवायचं, एवढंच बोलणं झालं."

मिस्त्रींनी विजयी नजरेने अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांची बाजू जिथे सिद्ध होणार होती, तिथेच त्यांनी ती स्वतःच्या हाताने पुसली, आणि फडकं मी पुरवलं. अधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं. पुढे महिना-दीड महिन्याने कागद आला, की उपलब्ध पुराव्यावरून हेतू सिद्ध होत नाही.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी मिस्त्रींचा कॉम्प्रेसर थांबला. मी मांडलेल्या हिशेबात आठ दिवसांची चूक होती. बँकेने लिलाव केला, तेव्हा तो कॉम्प्रेसर आमच्या शेठजींनी भंगाराच्या भावाने घेतला आणि मागच्या टाकीला बसवला. जोडायला दुसरा कोण होता? शेठजींनी मिस्त्रींना जुन्या पगारावर परत बोलावलं, वर वीस रुपये वाढवूनही दिले. मिस्त्री आले. वहिनींच्या हातात तेव्हापासून काचेच्या बांगड्या होत्या. दुपारी आम्ही पुन्हा त्याच कट्ट्यावर बसायला लागलो आणि ते पुन्हा माझ्या डब्यात चटणी वाढायला लागले. ती चटणी मी खाल्ली. वर्षानुवर्षं खाल्ली.

पुढच्या होळीला मी फळ्यावर सातच्या जागी लिहिलं, साडेआठ. वीज महागली होती, हे खरंच होतं, आठ-दहा आण्यांनी. बाकीचं कशाचं ते कुणी विचारलं नाही. त्यानंतर नऊ. शेठजी अजूनही दुसऱ्याच्या तोंडाला पाणी सुटू न देण्याइतकाच दर ठेवत होते. फक्त आता कारखाना काढू पाहणाऱ्यांच्या तोंडचं पाणी आधीच पळालेलं होतं, त्यामुळे दर वर न्यायला जागा झाली होती. तो उन्हाळाभरचा तोटा दोन उन्हाळ्यांत भरून निघाला असेल. त्या अधिकाऱ्यांना एक पत्र लिहावं असं मला बरेचदा वाटलं. त्यांचा पत्ता माझ्याकडे होता.

अशीच तीन-चार वर्षं गेली. एका गुरुवारी शिरपूरचा एक तरुण आला. बापाने सरकी विकून थोडा पैसा जमवला होता, डोक्यात धुळ्यात बर्फाचा कारखाना काढायचं होतं. नऊ रुपये दर पाहून त्याचे डोळे चमकत होते. मला वाटलं, आता शेठजी त्याला चहा देतील, कारखाना दाखवतील, मागची टाकी दाखवतील. शेठजींनी चहा दिला. मग म्हणाले, "मी सांगून काय उपयोग, मी तर धंद्यातला. आमच्या मिस्त्रींना विचारा. त्यांनी करून पाहिलंय."

मी तरुणाला घेऊन मिस्त्रींकडे गेलो. ते कॉम्प्रेसरखाली निजून नट आवळत होते. बाहेर आले, हात पुसले आणि सगळं सांगितलं. पाटल्या, हप्ता, पाच, चार, तीन, गटारातलं गार पाणी. कुणाला शिवी दिली नाही, कुणाला दोष दिला नाही. त्या तरुणाच्या भल्यासाठीच ते सांगत होते, आणि त्यांचा शब्दन् शब्द खरा होता. मागची टाकी दाखवायची गरजच उरली नव्हती.

तरुणाला पटेना. तो म्हणाला, "पण दर पाडला म्हणून कुणी असं कायमचं बुडतं का? सरकार, कायदा काहीच नसतं?"

"बठ्ठं व्हयनं, पोरा. साहेब उना, लिखी गया. काहीच सिद्ध व्हयनं नही." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मनावर इस्वास नशीन तर यास्ले इचार. त्या बठ्ठं जानतस. नाना कधी खोटं बोलत नही."

दोघेही माझ्याकडे पाहत होते.

"ते सांगतायत ते खरं आहे," मी म्हणालो.

तरुणाने मिस्त्रींना नमस्कार केला, मला नमस्कार केला आणि शिरपूरची गाडी पकडायला निघून गेला. संध्याकाळ झाली होती. मी फडकं भिजवलं आणि फळा पुसायला फाटकाकडे गेलो.